लेणीत एका वेळी किती माणसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आमचा ग्रुप नागपूरहून अजिंठ्याला बस नेतो आणि परत आल्यावर दोन आठवडे फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. समृद्धी झाल्यापासून तर शनिवार-रविवारी उठून निघणारे वाढलेत आणि प्रश्नही. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. हिशोब फक्त एका प्रकारच्या लेणीचा आहे, म्हणजे डोंगरात कोरलेला, आत रंगकाम असलेला विहार, समोर एक दार, दोन-तीन खिडक्या आणि मागे काही नाही.

१. "कॅरिंग कपॅसिटी" म्हणजे नेमकं काय? लेणीत मावतील तेवढी माणसं ना?

नाही, मावणं वेगळं. मावायला तर आपल्या एसटीत पण नव्वद मावतात. इथे प्रश्न असा असतो की किती माणसं, किती वेळ, कोणत्या महिन्यात आत राहिली तर भिंतीवरच्या रंगाला जे व्हायचं ते आपोआप होतंय त्यापेक्षा वेगाने होणार नाही. म्हणून उत्तर कधीच एक आकडा नसतं. एका लेणीचं वेगळं, शेजारच्या लेणीचं वेगळं, मे महिन्याचं वेगळं आणि ऑगस्टचं तर फारच वेगळं. कोणी तुम्हाला "अजिंठ्याची क्षमता रोज इतकी हजार" असं एका दमात सांगितलं तर आधी विचारा, कोणत्या लेणीची आणि कधीची.

२. माणसं आत उभी राहून फक्त बघतात, हात पण लावत नाहीत. मग बिघडतं काय?

हे नागपूरकराला समजवायला सगळ्यात सोपं आहे, कारण आपल्याकडे कूलर असतो. मे महिन्यात कूलर लावा आणि खोलीची सगळी दारं-खिडक्या बंद करा, तासाभरात चादर दमट, वर्तमानपत्र मऊ, मीठ ओलं. पाणी आत येतंय आणि बाहेर जायला वाट नाही. लेणीतला माणूस हा एक छोटा कूलर आहे, फक्त गार हवेच्या जागी गरम हवा सोडणारा. श्वास आणि घाम मिळून साधारण ५० ते १०० ग्रॅम पाणी तो तासाला हवेत सोडतो. मी ६० धरतो. म्हणजे पंधरा मिनिटं आत थांबलात तर चहाचे तीन चमचे पाणी ठेवून आलात.

आता अजिंठ्याची भिंत कशी आहे ते बघा. खाली बसॉल्ट, त्यावर माती, भुसा, वनस्पतींचे धागे वगैरे घातलेला गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. ओल्या चुन्यात रंग मुरवतात तसलं हे काम नाही, हे कोरड्यावर केलेलं आहे. माती दमट झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि हे रोज सकाळ-संध्याकाळ झालं की गिलावा दगडापासून सुटायला लागतो. आत क्षार असले तर ते विरघळून पृष्ठभागाकडे येतात आणि वाळताना रंगाच्या खाली स्फटिक होऊन रंग ढकलून देतात. १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग वाचवायला लाखेचं वॉर्निश वापरलं होतं, ते पुढे पिवळं पडलं, आणि असला थर वर बसला की ओल मागच्या मागे अडकते ती अडकतेच.

३. जागेवरून हिशोब करतात तो कसा?

तो मिगेल सिफुएन्तेस यांच्या १९९२ च्या पद्धतीतला पहिला टप्पा, मध्य अमेरिकेतल्या अभयारण्यांसाठी बनवलेला. फिरायला मोकळी जागा घ्यायची, एका माणसाला लागणाऱ्या जागेने भागायची आणि दिवसभरात किती फेऱ्या होतात त्याने गुणायचं.

आपण एक लेणी धरू, अजिंठ्याच्या क्रमांक २ च्या अंगाची. साडेचौदा मीटर बाय साडेचौदा मीटर सभामंडप, उंची साडेतीन मीटर, आत हवा साधारण ७०० घनमीटर. खांब, भिंतीसमोरचा कठडा, बंद कोठड्या वजा जाता उभं राहायला १२० चौरस मीटर उरले असं धरा. माणशी दोन चौरस मीटर, म्हणजे एका वेळी ६० जण. पंधरा मिनिटांची फेरी आणि आठ तास दार उघडं म्हणजे ३२ फेऱ्या, दिवसाला १,९२०.

हा आकडा ऐकून सगळे खूश होतात, आणि बरेच रिपोर्ट इथेच संपतात. सिफुएन्तेस यांनी पुढे ऊन, पाऊस, निसरडी वाट असले घटक धरून तो कमी करत न्यायला सांगितलंय, पण ते टक्के कोणीतरी टेबलावर बसून ठरवतो. लेणीसाठी मला ते पटत नाही. लेणीला हवा विचारायची.

४. हवेला विचारायचं म्हणजे? स्टेप बाय स्टेप सांगा.

आतली हवा तासाला किती बदलते ते आधी काढायचं. त्यासाठी माणसांचाच उपयोग होतो. गर्दी आत असताना कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. सगळ्यांना बाहेर काढायचं, दार-खिडक्या नेहमी असतात तशाच ठेवायच्या आणि तो किती वेगाने उतरतो ते मीटरवर बघत बसायचं. समजा लोक बाहेर पडले तेव्हा तो १,४०० पीपीएम होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १,४०० भाग, तासाभराने १,००० झाला आणि बाहेरच्या मोकळ्या हवेत ४२०. मग हवा तासाला किती वेळा बदलते तो आकडा, ACH, असा निघतो, ln म्हणजे नैसर्गिक लॉग:

```
ACH = ln((1400-420)/(1000-420)) / 1 = 0.52
```

म्हणजे तासाला लेणीतली अर्धी हवाच बदलते. ७०० घनमीटरच्या हिशोबाने तासाला सुमारे ३६७ घनमीटर ताजी हवा. आता वरची मर्यादा ठरवायची. चीनमधल्या दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांत, तिथेही मातीच्या गिलाव्यावर चित्रं आहेत, १,५०० पीपीएम ही मर्यादा धरलीय, तीच हिशोबापुरती उसनी घेऊ. वाढायला जागा उरली १,०८० पीपीएम. उभा राहून हळूहळू चालणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो.

```
N = 367 × 0.00108 / 0.018 = 22
```

जमिनीने ६० सांगितले होते, हवा २२ सांगते. सतत २२ जण, म्हणजे दिवसाला ७०० च्या आसपास.

५. पण कार्बन डायऑक्साइडने रंग खराब होतो का?

इतक्या प्रमाणात फारसा नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. तो मोजायला सोपा असतो, भिंत त्याला चटकन पीत नाही, म्हणून तो हवेचा हिशोबनीस आहे. खरा त्रास वाफेचा (प्रश्न २).

मग थेट वाफच का नाही मोजत? कारण ती खोटं बोलते. गर्दी आत गेली आणि आर्द्रतेचा आकडा फारसा हललाच नाही, तर लोक म्हणतात बघा काही होत नाही. अहो, आकडा हलला नाही कारण पाणी गिलाव्याने पिऊन टाकलं! कार्बन डायऑक्साइड भरपूर वाढलाय आणि आर्द्रता मात्र हिशोबापेक्षा कमी वाढलीय, हे दिसलं की मला काळजी वाटते, दिलासा नाही.

६. मग वाफेच्या हिशोबाने किती माणसं?

तेच ३६७ घनमीटर घ्या. लेणी २६ अंशांवर असेल तर एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या जरा वर वाफ मावते. आपण ठरवलं की माणसांमुळे आर्द्रता पाच टक्क्यांच्या वर वाढू द्यायची नाही, म्हणजे घनमीटरला १.२ ग्रॅम. गुणलं की तासाला सुमारे ४५० ग्रॅम, भागिले ६०, उत्तर सात. साडेसात येतं पण अर्धा माणूस आत सोडता येत नाही.

साठ, बावीस, सात. लेणी तीच.

सात हा आकडा वर्षभर लावायचा का, तर नाही. मार्च-एप्रिलमध्ये बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा आर्द्रता पंधरा टक्के वाढली तरी आपण धोक्याच्या खूप खाली असतो आणि २२ चालून जातात. (कोरड्या दिवसातही रोज वर-खाली होणं वाईटच, पण ओलं होऊन क्षार विरघळण्याइतकं नाही.) मोगाओला आर्द्रता ६२ टक्क्यांच्या वर गेली की लेणी बंद करतात, कारण तिथले क्षार त्याच्या थोडं वर ओलावा धरायला लागतात. आपल्याकडे हा ६२ जसाच्या तसा उचलून लावला तर पावसाळाभर कुलूपच लावावं लागेल, आणि आपल्या लेण्यांतले क्षार तेच आहेत असं नाही, त्यामुळे ती रेषा इथल्या गिलाव्यातले क्षार तपासूनच ओढायला पाहिजे.

७. पावसाळ्यात तर थंडगार असतं, गर्दी पण तेव्हाच. तेव्हाच कमी का?

जुलैत कूलर का काम करत नाही? बाहेरची हवाच भरलेली असते. लेणीचं दुहेरी आहे. एक तर आत येणारी हवा आधीच दमट, आणि दुसरं म्हणजे ती येतच नाही. लेणीत पंखा नसतो, हवा फिरते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर आणि वाऱ्यावर. उन्हाळ्यात आतली हवा गार आणि जड, ती दाराच्या खालून बाहेर वाहते आणि वरून गरम आत येते. हिवाळ्याच्या रात्री उलटं. पावसाळ्यात आत-बाहेर जवळजवळ सारखं, म्हणून हवा ढिम्म. प्रश्न ४ मधला ०.५२ हा आकडा त्यामुळे प्रत्येक ऋतूत नव्याने मोजावा लागतो, आणि सरासरी न घेता सगळ्यात मंद दिवसांचा आकडा धरायचा. डिसेंबरात मोजून ऑगस्टमध्ये लावला की संपलं.

त्यात ओले रेनकोट आणि छत्र्या. गळती छत्री घेऊन आत गेलात तर पंधरा मिनिटांच्या श्वासापेक्षा जास्त पाणी ती एकटी टाकते. दाराबाहेर छत्र्या ठेवायला एक साधं स्टँड, हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय.

८. दारावर चाळीस-चाळीसची बॅच सोडतात ना? म्हणजे कंट्रोल आहेच.

बॅच किती मोठी यापेक्षा दोन बॅचमध्ये गॅप किती हे महत्त्वाचं. एक बाहेर पडली की लगेच दुसरी आत, तर हवेच्या दृष्टीने आत कायम चाळीसच आहेत. आपल्या धरलेल्या लेणीत सकाळी नऊला सुरू केलं तर साडेदहाच्या सुमारास १,५०० ओलांडले. पण चाळीस जण पंधरा मिनिटं, मग पंधरा मिनिटं लेणी रिकामी, असं केलं की सरासरी वीस होते आणि दिवसभर मर्यादेत राहतं, ६४० लोक बघून जातात. हे कोरड्या महिन्यांचं, पावसाळ्याचा हिशोब प्रश्न ६ वरून तुम्हीच करा.

९. रोजची मर्यादा ठेवली की झालं, तासाचा हिशोब कशाला?

कारण लेणी दिवस मोजत नाही. आपल्याच लेणीत ६० जण सलग एक तास उभे राहिले, समजा दोन सहलीच्या बस एकदम आल्या, तर तासाभरात मीटर १,६०० च्या पुढे. आता सगळे गेले, लेणी पूर्ण रिकामी. आकडा सकाळच्या ४२० पेक्षा फक्त २०० पीपीएम जास्त इथवर उतरायला किती वेळ लागेल? जवळजवळ साडेतीन तास. एका तासाची उधारी साडेतीन तासांत फिटते, आणि रविवारी ती फिटायच्या आत पुढची बस येते. दिवसाचा एकूण आकडा मात्र कागदावर मर्यादेतच दिसतो.

१०. तीसेक लेण्या आहेत, मग सगळ्यांची बेरीज करून जागेची क्षमता काढता येईल का?

नाही, कारण माणसं सगळ्या लेण्यांत सारखी वाटली जात नाहीत. नंबर दाराकडून सुरू होतात, लेणी १ पहिली लागते आणि पद्मपाणीचं चित्र तिथेच, त्यामुळे आलेला प्रत्येक जण आधी तिथे घुसतो. त्यातही अख्खा मंडप मोकळा आणि सगळे मागच्या भिंतीला डाव्या हाताला दाटीवाटीने, गाइडचा टॉर्च पद्मपाणीच्या खांद्यावर, मागचे टाचा उंचावून बघतायत. १२० चौरस मीटर धरून काढलेला आकडा तिथे पंधरा चौरस मीटरवर वापरला जातो.

म्हणून साखळीतली सगळ्यात नाजूक आणि सगळ्यांना बघायचीच असलेली लेणी जी मर्यादा देते तीच अख्ख्या जागेची मर्यादा. ती वाढवायचा मार्ग एकच, वाट फोडणे. काही ग्रुप १७ पासून सुरू करायचे, काही २६ पासून. मोगाओला पंचवीस-पंचवीसचे ग्रुप वेगवेगळ्या लेण्यांत फिरवतात आणि १३ चौरस मीटरपेक्षा लहान लेणी उघडतच नाहीत.

११. फॅन किंवा एसी लावा ना, माणसं कशाला कमी करता?

फॅनने हवा जास्त खेळेल हे खरं, पण धूळ पण खेळेल आणि ती रंगावर बसेल. उन्हाळ्यात कोरडी हवा जोरात मारली की गिलावा पटकन वाळतो, तेही वाईट. पावसाळ्यात तर बाहेरची दमट हवाच आत ओढाल. एसीने एक कोपरा गार आणि बाकी गरम, मग गार भिंतीवर दव. फ्रान्सच्या लास्को गुहेत लोकांचा श्वास बाहेर काढायला यंत्रणा बसवली होती, तरी हिरवं शेवाळ आणि पांढरे क्षार आलेच आणि १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद झाली. उघडून पंधराच वर्षं झाली होती.

१२. नुकसान लोकांमुळेच होतं कशावरून? डोंगरातून पाणी पण झिरपतं की.

सगळ्यात चांगला प्रश्न, एका निवृत्त इंजिनियर काकांनी विचारलेला. झिरपतंच. बसॉल्टमध्ये भेगा असतात आणि वरच्या डोंगरावरचं पाणी त्यातून येतं, काही भिंतींचं मुख्य दुखणं तेच आहे आणि तिथे माणसं शून्य केली तरी भिंत सुधारणार नाही.

वेगळं काढायची युक्ती म्हणजे सोमवार. अजिंठा सोमवारी बंद असतो. रविवार आणि सोमवार, हवामान जवळपास सारखं, फरक फक्त माणसांचा. दोन्ही दिवसांचे तापमान-आर्द्रतेचे आलेख एकावर एक ठेवा, असे वर्षभरातले पन्नासेक रविवार-सोमवार जोडा. रविवारी जो फुगवटा दिसतो आणि सोमवारी नाही तो आपला. दोन्ही दिवशी सारखा असेल तो डोंगराचा. मग तिरप्या उजेडात ठरलेल्या जागांचे फोटो दर ऋतूत काढायचे, सुटलेला पापुद्रा समोरून दिसत नाही पण बाजूने टॉर्च मारला की त्याची सावली पडते. पापुद्रे ओल आलेल्या भेगेच्या रेषेत वाढत असतील तर पाणी, गर्दी थांबते त्या उंचीवर आणि कठड्याजवळ वाढत असतील तर आपण.

१३. आपल्या विजासन लेणीला हाच हिशोब लागतो का?

भद्रावतीच्या विजासनला रंगकाम नाही, म्हणून सात आणि बावीसचा घोळ तिथे नको. पण ती लांब बोगद्यासारखी आत जाते, त्यामुळे प्रश्न ४ ची परीक्षा तिथे माणसांच्याच सोयीसाठी करावी, आत गुदमरायला नको. तिथे मी जास्त काळजी करीन ती हात लावण्याची आणि दिवा-अगरबत्तीच्या काजळीची. काजळी माणसं मोजून कमी होत नाही, दिवे बाहेर ठेवून होते.

(आणि हो, "अजिंठा आपल्या नागपूरच्या वाकाटकांचा" असं दर ट्रिपला कोणीतरी म्हणतंच. रामटेकजवळची नंदिवर्धनची शाखा वेगळी, अजिंठ्याला ज्याच्या काळात हे काम झालं तो हरिषेण वत्सगुल्मचा, म्हणजे वाशीमचा. विदर्भाचा मान तरी राहतो.)

१४. एवढं जर माहीत आहे तर तिकिटं का विकून राहिले?

हवा आकडा देते, मर्यादा माणसं ठरवतात. पाच टक्के वाढ चालेल की तीन, हे कोणत्याही मीटरवर लिहिलेलं नसतं. तिथे हॉटेलवाले, गाइड, पाचशे किलोमीटरवरून आलेलं कुटुंब, सगळे एका बाजूला असतात. स्पेनच्या अल्तामिरात हा वाद वर्षानुवर्षं चालला, २००२ मध्ये ती गुहा बंद केली आणि २०१४ पासून आठवड्याला पाच जण चिठ्ठी काढून आत सोडायला लागले. आपल्याकडे पाच जणांची चिठ्ठी काढली तर चिठ्ठीच ब्लॅकमध्ये विकली जाईल, त्यामुळे मी वेळेच्या स्लॉटच्या बाजूने आहे, तिकिटावर तास छापलेला.

१५. मी स्वतः मीटर नेऊन मोजलं तर चालेल?

परवानगी विचारा आणि स्टँड लावू नका. निघण्याआधी मीटर मोकळ्या हवेत ठेवून ४२० च्या आसपास दाखवतो का बघा, स्वस्तातले तर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज मारतात. आत दाराजवळ किंवा राखणदाराच्या खुर्चीजवळ मोजू नका, आणि हात लांब धरा. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मी पहिल्यांदा मीटर सुरू केला तेव्हा आकडा सारखा वर वर चाललेला, सगळ्या खिडक्या उघडल्या, पोरांना बाहेर काढलं, तरी वरच. शेवटी बायको म्हणाली, अहो तुम्ही चष्मा घरभर शोधता आणि त्या डब्यात नाक घालून वाचताय, जरा मागे सरका.